हायड्रोजन अणूची ऊर्जापातळी आकृती

हायड्रोजन अणूची ऊर्जापातळी आकृती म्हणजे हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनाला धारण करता येणाऱ्या ऊर्जा आडव्या रेघांनी, आणि त्या ऊर्जांमधील संक्रमणे उभ्या बाणांनी दाखवणारी आकृती होय. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक प्रकाशाच्या एका कणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपाने बाहेर पडतो. या फरकावरून प्रकाशाची तरंगलांबी ठरते आणि तरंगलांबीवरून रंग ठरतो. पातळ्या मोजक्या व ठरलेल्या असल्यामुळे त्यांच्यातील फरकही ठरलेले असतात. म्हणूनच तप्त हायड्रोजनाच्या वर्णपटात इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता काळ्या पार्श्वभूमीवर सुट्या रंगीत रेषा दिसतात.

आकृतीतील आडवी रेघ आणि वर्णपटातील रेषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. आडवी रेघ ही ऊर्जापातळी असून ती थेट दिसत नाही. वर्णपटातील प्रत्येक रेषा आकृतीतील एका बाणाशी, म्हणजे दोन पातळ्यांमधील अंतराशी, जुळते. हायड्रोजनाच्या वर्णपटाचे आकलन या एका भेदावर अवलंबून आहे.

## आकृतीची रचना

आकृतीत ऊर्जा फक्त उभ्या दिशेने मोजली जाते. आडव्या दिशेला कोणताही अर्थ नसतो. रेघ किती लांब काढावी किंवा बाण डावीकडे काढावा की उजवीकडे, हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात लिहितात. अणुकेंद्राच्या बंधनातून नुकत्याच सुटलेल्या, स्थिर इलेक्ट्रॉनाची ऊर्जा शून्य मानण्याचा संकेत आहे. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा त्याहून कमी, म्हणून ऋण असते. विहिरीच्या काठाची उंची शून्य मानली, तर आतल्या प्रत्येक पायरीची उंची ऋण येते, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्येक पातळीला मुख्य पुंजांक असतो. तो n या अक्षराने दर्शवतात आणि त्याचे मूल्य १, २, ३ असे पूर्णांकच असते. त्या पातळीची ऊर्जा पुढील सूत्राने मिळते :

E = −13.6 / n² (इलेक्ट्रॉन व्होल्ट)

या सूत्रावरून येणाऱ्या ऊर्जा अशा आहेत :

| पुंजांक | ऊर्जा (इलेक्ट्रॉन व्होल्ट) |
|---|---|
| १ | −१३.६ |
| २ | −३.४० |
| ३ | −१.५१ |
| ४ | −०.८५ |
| ५ | −०.५४ |
| ६ | −०.३८ |
| अनंत | ० |

पुंजांक १ असलेल्या सर्वांत खालच्या पातळीला तल अवस्था म्हणतात. वरच्या सर्व पातळ्या उत्तेजित अवस्था होत. पातळ्या समान अंतरावर नसतात. पहिल्या व दुसऱ्या पातळीमध्ये १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचे अंतर आहे, तर दुसऱ्या पातळीपासून अगदी वरच्या सीमेपर्यंत अवघे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट उरतात. या उरलेल्या जागेत पुढच्या सर्व पातळ्या सामावलेल्या असतात. परिणामी आकृतीचा खालचा भाग मोकळा, तर वरचा भाग दाटीचा दिसतो. प्रमाणात काढलेल्या आकृतीत सहाव्या-सातव्या पातळीनंतरच्या रेघा वेगळ्या काढणे कठीण होते, म्हणून तेथे बहुधा राखाडी पट्टा रंगवतात.

## बाणांचा अर्थ

खाली जाणारा बाण उत्सर्जन दर्शवतो आणि वर जाणारा बाण शोषण दर्शवतो. बाणाची लांबी म्हणजे सुटलेल्या किंवा शोषलेल्या फोटॉनची ऊर्जा. बाण एका रेघेवर सुरू होऊन दुसऱ्या रेघेवरच संपला पाहिजे. दोन रेघांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो थांबू शकत नाही, कारण त्या जागेतील ऊर्जा धारण करणारी अणूची स्थिर अवस्थाच नसते.

बाणाची लांबी कळली की तरंगलांबी काढण्यासाठी एक भागाकार पुरतो. १२४० या संख्येला इलेक्ट्रॉन व्होल्टमधील ऊर्जेने भागले असता तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. बाण जितका लांब, तितकी तरंगलांबी लहान. मानवी डोळ्याला सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो; म्हणजे साधारण १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लांबीचे बाण तेवढे रंग होऊन दिसतात.

तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येणारा बाण उदाहरणादाखल घेता येईल. तिसऱ्या पातळीची ऊर्जा −१.५१ आणि दुसरीची −३.४० आहे, फरक १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० भागिले १.८९ केले असता सुमारे ६५६ येतात. ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश तांबडा असतो. प्रत्यक्ष मोजणीत हायड्रोजनाची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर सापडते.

## दृश्य रेषा : बामर श्रेणी

दुसऱ्या पातळीवर संपणाऱ्या सर्व बाणांचा मिळून एक गट होतो. त्यालाच बामर श्रेणी म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या हायड्रोजनाच्या रेषा याच श्रेणीतील आहेत.

| संक्रमण | ऊर्जा (इलेक्ट्रॉन व्होल्ट) | तरंगलांबी (नॅनोमीटर) | रंग |
|---|---|---|---|
| ३ वरून २ | १.८९ | ६५६.३ | तांबडा |
| ४ वरून २ | २.५५ | ४८६.१ | निळसर हिरवा |
| ५ वरून २ | २.८६ | ४३४.० | निळा-जांभळा |
| ६ वरून २ | ३.०२ | ४१०.२ | जांभळा |
| सीमा | ३.४० | ३६४.६ | अतिनील (अदृश्य) |

पहिल्या चार रेषांना अनुक्रमे एच-आल्फा, एच-बीटा, एच-गॅमा आणि एच-डेल्टा अशी नावे आहेत. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील शाळाशिक्षक योहान बामर यांनी १८८५ साली या चार रेषांच्या तरंगलांबी एकाच सूत्रात बसवून दाखवल्या. त्या सूत्रात ३६४.५६ ही स्थिर संख्या येते. तिला ९/५ ने गुणले की ६५६.२ आणि १६/१२ ने गुणले की ४८६.१ मिळतात. पुढचे गुणक २५/२१ व ३६/३२ हे आहेत. सूत्र अचूक होते, परंतु ते का लागू पडते याचे उत्तर बामर यांच्याकडे नव्हते. ते उत्तर १९१३ साली डॅनिश भौतिकीविज्ञ नील्स बोर यांनी दिले. अणूतील ऊर्जा ठरावीक पातळ्यांतच असते आणि प्रकाश हा पातळ्यांमधील संक्रमणातून येतो, असे मानल्यास बामर यांचे सूत्र आपोआप निष्पन्न होते, असे त्यांनी दाखवले.

बामर श्रेणीतील पहिल्या दोन रेषांमध्ये १७० नॅनोमीटरचे अंतर आहे. दुसऱ्या व तिसऱ्या रेषेत सुमारे ५२ आणि तिसऱ्या व चौथ्या रेषेत सुमारे २४. पंधराव्या पातळीवरून येणारी रेषा ३७१.२ नॅनोमीटरवर आणि सोळाव्या पातळीवरून येणारी रेषा ३७०.४ नॅनोमीटरवर असते; अंतर एक नॅनोमीटरही नाही. आकृतीच्या वरच्या भागात पातळ्यांची जी दाटी होते, तीच वर्णपटात रेषांची दाटी होऊन उतरते. मात्र रेषांची संख्या कितीही वाढली तरी त्या ३६४.६ नॅनोमीटरच्या पलीकडे जात नाहीत, कारण दुसऱ्या पातळीपर्यंतच्या सर्वांत लांब बाणाची लांबी ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढीच असते. या मर्यादेला श्रेणीसीमा म्हणतात.

## दृश्य मर्यादेबाहेरच्या श्रेणी

पहिल्या पातळीवर संपणारे बाण लायमन श्रेणी बनवतात. त्यातील सर्वांत आखूड बाणही १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असल्यामुळे त्याची तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर येते. म्हणजे ही संपूर्ण श्रेणी अतिनील भागात असून डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या पातळीवर संपणारे बाण पाश्चेन श्रेणीचे होत. त्यातील सर्वांत लांब बाणही १.५१ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा मोठा नसतो, म्हणून ती श्रेणी अवरक्त भागात येते. एका बाजूला बाण फार लांब, दुसऱ्या बाजूला फार आखूड, आणि दुसऱ्या पातळीवर येणारे काही बाण मात्र नेमके डोळ्याच्या मर्यादेत, अशी ही स्थिती आहे. हायड्रोजनाच्या दृश्य रेषा मोजक्याच का आहेत, याचे कारण हेच.

## काळ्या रेषा आणि तेजस्वी रेषा

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात ६५६.३ आणि ४८६.१ नॅनोमीटरवर काळ्या रेषा आढळतात. फ्राउनहोफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना सी आणि एफ ही अक्षरे दिली होती. सूर्याच्या तप्त पृष्ठभागातून निघालेला सलग प्रकाश वरच्या विरळ थरांतून येतो. तेथील काही हायड्रोजन अणूंत इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर असतो. असा अणू १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन शोषून तिसऱ्या पातळीवर जातो. आकृतीत हा वर जाणारा बाण आहे. तो अणू नंतर प्रकाश परत सोडतो खरा, पण कोणत्याही दिशेने. त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या किरणात त्या रंगाची तूट पडते आणि तेथे काळी रेषा उमटते.

असे अणू किती असतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाण्यास १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सूर्यपृष्ठावरील सुमारे ५,८०० अंश केल्विन तापमानाला एवढी ऊर्जा फार थोड्या अणूंना मिळते. गणिताने पाहिल्यास साधारण २० कोटी अणूंमागे एकच अणू दुसऱ्या पातळीवर असतो. तरीही सी रेषा ठळक दिसते, कारण सूर्यावर हायड्रोजनच अतोनात आहे. थंड हायड्रोजनात मात्र जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन तल अवस्थेत असतो. तेथून निघणारा सर्वांत आखूड बाणही अतिनील असल्यामुळे दृश्य प्रकाश त्यातून अडथळ्याविना जातो. काचेच्या नळीतील हायड्रोजनही रंगहीन दिसतो.

हाच वायू तेजस्वी पार्श्वभूमीवर न पाहता काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहिला, तर त्याच ठिकाणी तेजस्वी रेषा दिसल्या पाहिजेत. सूर्याच्या बाबतीत ही संधी खग्रास ग्रहणात मिळते.

## ग्रहणातील पिवळी रेषा : आकृतीची कसोटी

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनमधून गेला. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या कडेबाहेर दिसणाऱ्या तांबूस ज्वाला पाहिल्या. ज्वालांच्या वर्णपटात सलग पट्टा नव्हता, तेजस्वी रेषा होत्या. त्यावरून या ज्वाला तप्त वायूच्या असल्याचे निश्चित झाले. त्यांचा तांबूस रंग मुख्यतः एच-आल्फा रेषेचा आहे.

या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषाही असते. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर आहे, म्हणजे ऊर्जा २.११ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ही रेषा हायड्रोजनाची असू शकते काय, याचा निवाडा आकृतीवरून लगेच करता येतो. पहिल्या पातळीवर येणारा कोणताही बाण १०.२ पेक्षा आखूड नाही. तिसऱ्या किंवा त्यावरच्या पातळीवर येणारा कोणताही बाण १.५१ पेक्षा लांब नाही. दुसऱ्या पातळीवर येणारा पहिला बाण १.८९ चा आणि त्यानंतरचा थेट २.५५ चा आहे. २.११ लांबीचा बाण कोठेच बसत नाही. म्हणून ही रेषा हायड्रोजनाची नाही. १८६८ मध्ये आकृती अस्तित्वात नव्हती, तेव्हा हा निष्कर्ष प्रयोगशाळेतील वायूंशी तुलना करूनच काढावा लागला. ही रेषा पुढे हेलियम या मूलद्रव्याची ठरली.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, असा समज महाराष्ट्रात प्रचलित आहे. नॉर्मन लॉकयर यांनी पिवळ्या रेषेचे निरीक्षण ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविना केले. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतरच्या ग्रहणासाठी.

## तळणी, २२ जानेवारी १८९८

हे दुसरे ग्रहण २२ जानेवारी १८९८ रोजी झाले. पूर्ण छायेचा अरुंद पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ शिरून ईशान्येकडे सोलापूर भाग, वऱ्हाड व नागपूर प्रांतातून पुढे गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या तुकडीने तळ दिला होता. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे नेवॉल आणि कॅप्टन हिल्स यांची उपकरणे होती. पुलगावच्या पश्चिमेला, त्याच लोहमार्गावर असलेल्या वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली होती. वर्ध्याला लागून असलेला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, या पट्ट्याच्या आग्नेयेस राहिला. चांदा शहरात ग्रहण खंडग्रास दिसले. खंडग्रास ग्रहणात सूर्याचा उरलेला तुकडा इतका प्रखर असतो, की पुढे वर्णिलेला वर्णपट तेथून मिळू शकत नाही.

तळणीच्या तुकडीत जॉन एव्हरशेड होते. ते पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. त्यांचे लक्ष्य होते वर्णगोल किंवा क्रोमोस्फिअर हा सूर्यपृष्ठावरचा पातळ थर. चंद्राने सूर्याचे तेजस्वी बिंब नुकतेच झाकलेले असते आणि हा थर अजून झाकला जायचा असतो, असे अवघे काही क्षण मिळतात. तेवढ्या वेळात सूर्यवर्णपटातील काळ्या रेषांच्या जागी एकाएकी तेजस्वी रेषा लखलखतात. याला फ्लॅश वर्णपट म्हणतात. खग्रास स्थिती तेथे सुमारे दोन मिनिटे होती. फ्लॅश वर्णपट मात्र तिच्या सुरुवातीला आणि शेवटी काही सेकंदच मिळतो.

एव्हरशेड यांनी लोलक बसवलेल्या कॅमेऱ्याने ही छायाचित्रे घेतली. अशा कॅमेऱ्याला फट लागत नाही, कारण वर्णगोलाची उघडी राहिलेली बारीक कोरच फटीचे काम करते. त्यामुळे छायाचित्रात प्रत्येक रेषा सरळ न उमटता चंद्रकोरीसारखी वक्र उमटते. त्यांच्या काचपट्ट्यांवर बामर श्रेणीची लांबच लांब रांग अतिनील भागात उतरली होती. कोरी एकमेकींच्या जवळ येत येत ३६४.६ नॅनोमीटरच्या सीमेकडे दाटत गेल्या होत्या. आणि सीमेच्या पलीकडे, जेथे बामर यांच्या सूत्रानुसार एकही रेषा असू शकत नाही, तेथे सलग, अखंड प्रकाश उमटलेला होता.

या अखंड पट्ट्याचा अर्थ त्या वेळी सांगता येत नव्हता. ऊर्जापातळी आकृतीत तो शून्य रेघेच्या वरच्या भागातून मिळतो. शून्याच्या वर पातळ्या नाहीत. तेथील इलेक्ट्रॉन कोणत्याही अणूला बांधलेला नसून मुक्त असतो आणि त्याची गतिज ऊर्जा कितीही असू शकते. असा मुक्त इलेक्ट्रॉन प्रोटॉनने पकडला आणि तो दुसऱ्या पातळीवर आला, तर सुटणाऱ्या फोटॉनची ऊर्जा ३.४० अधिक त्याची गतिज ऊर्जा एवढी होते. इलेक्ट्रॉन जवळजवळ थांबलेला असेल तर फोटॉन नेमका सीमेवर, ३६४.६ नॅनोमीटरला, येतो. गतिज ऊर्जा ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर फोटॉन ३.९० चा, म्हणजे सुमारे ३१८ नॅनोमीटरचा, असतो. गतिज ऊर्जेला पायऱ्या नाहीत, म्हणून या प्रकाशालाही रेषा नाहीत. असा पट्टा ३६४.६ च्या अलीकडे मात्र पसरत नाही, कारण ३.४० पेक्षा लहान बेरीज होऊच शकत नाही. आकृतीतील बाण शून्य रेघेच्या वरून सुरू होऊ शकतो, ही गोष्ट तळणीच्या काचपट्टीवर बोर यांच्या पंधरा वर्षे आधी नोंदली गेली होती.

## अवकाशात अधिक रेषा का दिसतात

प्रयोगशाळेतील निर्वात नळीत बामर श्रेणीच्या बाराहून अधिक रेषा मिळत नव्हत्या, तर काही खस्थ पदार्थांच्या वर्णपटांत त्यांची संख्या ३३ पर्यंत जात होती. बोर यांनी १९१३ च्या लेखात या विसंगतीचे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या प्रतिमानात अणूचा व्यास पुंजांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तल अवस्थेत तो सुमारे ०.१ नॅनोमीटर असतो. बाराव्या पातळीवर त्याच्या १४४ पट आणि तेहतिसाव्या पातळीवर १,०८९ पट होतो. इतका फुगलेला अणू टिकायचा तर शेजारचे अणू तेवढेच दूर असले पाहिजेत. बाराव्या पातळीसाठी वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७ मिलिमीटरपेक्षा, तर तेहतिसाव्या पातळीसाठी सुमारे ०.०२ मिलिमीटरपेक्षा कमी हवा, असा त्यांचा हिशेब होता. नळीत पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून वायू दाट ठेवावा लागतो. वर्णगोलात वायू अतिविरळ असला तरी थराची खोली प्रचंड असल्यामुळे प्रकाश भरपूर मिळतो.

पुढील संशोधनात असे दिसून आले, की आसपासच्या विद्युतभारित कणांच्या क्षेत्रामुळे वरच्या पातळ्या रुंद होतात आणि एका मर्यादेनंतर एकमेकींत मिसळतात. त्यामुळे श्रेणीतील शेवटची वेगळी दिसणारी रेषा कोणती, हे पाहून वायूतील भारित कणांच्या घनतेचा अंदाज करता येतो. आकृतीतील शून्य रेघेजवळचा राखाडी पट्टा अशा रीतीने मोजमापाचे साधन ठरतो.

## प्रयोगशाळेतील पडताळणी

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हायड्रोजनाची विद्युत विसर्जन नळी आणि विवर्तन जाळी यांच्या साहाय्याने ही आकृती पडताळता येते. जाळीवर एका मिलिमीटरमध्ये ६०० रेघा असतील, तर दोन रेघांमधील अंतर सुमारे १,६६७ नॅनोमीटर होते. पहिल्या क्रमाच्या वर्णपटात तांबडी रेषा २३.२ अंशांवर, निळसर हिरवी १७.० अंशांवर आणि निळी-जांभळी १५.१ अंशांवर दिसते. कोनाच्या ज्याने १,६६७ ला गुणले की तरंगलांबी मिळते. तिने १२४० ला भागले की बाणाची लांबी मिळते. आणि ती लांबी आकृतीतील कोणत्या अंतराशी जुळते, ते पाहायचे असते. कोन मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना मोजून सरासरी घेणे आवश्यक असते, कारण जाळी किंचित तिरपी बसली तर एका बाजूचा कोन मोठा व दुसऱ्या बाजूचा लहान येतो. अर्ध्या अंशाची चूक तांबड्या रेषेच्या तरंगलांबीत सुमारे १३ नॅनोमीटरची चूक घडवते.

तांबड्या व निळसर हिरव्या रेषेच्या मधल्या भागात अनेक फिकट रेषा दिसल्यास त्या हायड्रोजन रेणूच्या असतात. नळीत दोन अणूंचे रेणू असतात आणि विद्युत विसर्जनात ते सर्वच फुटत नाहीत. रेणूच्या पातळ्या वेगळ्या असल्यामुळे त्याच्या रेषा या आकृतीत बसत नाहीत. ५४६ नॅनोमीटरवर ठळक हिरवी रेषा आढळल्यास ती पाऱ्याची असते आणि बहुधा खोलीतील नळदिव्याचा प्रकाश उपकरणात शिरल्याचे ते लक्षण असते.

## वाचनातील सामान्य चुका

चौथ्या पातळीपर्यंत उत्तेजित झालेल्या हायड्रोजनातून किती रेषा मिळतील, या प्रश्नाला 'तीन' असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. चौथीवरून तिसरीवर, दुसरीवर आणि पहिलीवर असे तीन बाण निघतात, हे खरे. पण तिसरीवर आलेला इलेक्ट्रॉन तेथून पुढे दुसरीवर किंवा पहिलीवर, आणि दुसरीवर आलेला पहिलीवर येतो. एकूण सहा बाण होतात. त्यांपैकी दृश्य रेषा दोनच : तांबडी आणि निळसर हिरवी. एकच अणू एका वेळी या सहाही रेषा देत नाही. तो एका उतरणीत जास्तीत जास्त तीन फोटॉन सोडतो. सर्व सहा रेषा एकत्र दिसतात, त्या नळीतील असंख्य अणू वेगवेगळ्या मार्गांनी उतरत असल्यामुळे.

दुसरी चूक शोषणासंबंधीची आहे. तल अवस्थेतील अणूला ११ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन मिळाल्यास तो त्यातील १०.२ घेऊन उरलेले ०.८ सोडून देईल, असे मानले जाते. तसे होत नाही. फोटॉन शोषला जातो तो संपूर्ण, अन्यथा मुळीच नाही. ११ लांबीचा बाण कोणत्याही रेघेवर पोहोचत नसल्यामुळे तो फोटॉन तसाच निघून जातो. वेगवान इलेक्ट्रॉन अणूवर आदळला, तर मात्र तो आपल्या ११ पैकी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट अणूला देऊन उरलेली ऊर्जा स्वतःकडे ठेवू शकतो. विसर्जन नळीतील अणू उत्तेजित होतात ते मुख्यतः अशा धडकांमुळे.

## मर्यादा

ही आकृती रेषा कोठे असेल ते सांगते. ती किती ठळक असेल ते सांगत नाही. ठळकपणा हा वरच्या पातळीवर किती अणू आहेत आणि ते संक्रमण किती सहज घडते यावर अवलंबून असतो. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनाने अवकाशात आक्रमिलेला मार्गही नव्हे. तो फक्त ऊर्जेतील बदल आहे.

सूक्ष्म मोजणीत एच-आल्फा ही एक रेषा नसून एकमेकींना चिकटून असलेल्या अनेक रेषांचा समूह असल्याचे आढळते, कारण पहिली सोडून इतर प्रत्येक पातळी किंचित विभागलेली असते. वर दिलेल्या सूत्रात हा भेद येत नाही. तसेच हे सूत्र एकच इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंपुरते आहे. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आयनाला ते १३.६ च्या जागी त्याची चौपट संख्या घालून लागू करता येते. परंतु दोन इलेक्ट्रॉन असलेल्या उदासीन हेलियमच्या पातळ्या इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अपकर्षणामुळे या सूत्राने मिळत नाहीत. ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या रेषेसाठी म्हणूनच हेलियमची स्वतंत्र आकृती काढावी लागते.